फोन तापतो, मधेच बंद पडतो? आधी दोष ओळखा



भर पावसाळ्यात सोयाबीन कंबरेला लागलेले असते, कपाशीला पाते धरलेले असते, आणि त्याच दिवसांत ई-पीक पाहणीची मुदत चालू असते. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन आपल्या फोनवरून करायची पद्धत सुरू झाली. गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, शेतात उभे राहून फोटो काढायचा. ही नोंद सातबाऱ्यावर येते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी, यांपैकी कशासाठीही ती विचारली जाते.

आणि नेमके फोटो काढताना फोन काळा होतो. पुन्हा चालू करावा तर हातात धरवत नाही इतका तापलेला. जाफराबाद तालुक्यात आणि एकूणच पूर्णेच्या खोऱ्यात एका घरात बहुधा एकच चांगला फोन असतो. त्याच्यावर पाहणी, बँकेचा निरोप, मुलांचा अभ्यास आणि बाजारभाव सगळे चालते. तो बिघडला म्हणजे घर अडून बसते. मग कोणी म्हणतो नवा घ्या, कोणी म्हणतो सगळे पुसून टाका, कोणी म्हणतो बॅटरी गेली. यातले खरे काय, हे पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी बऱ्याच अंशी कळू शकते. ते कसे, हे आज पाहू या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मुदत जवळ आली असेल तर फोन दुरुस्त होण्याची वाट पाहू नका. ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भावकीतल्या कोणाचा किंवा शेजाऱ्याचा फोन घेऊन आपल्या गटात जा, नोंद उरकून घ्या आणि मग निवांतपणे आपल्या फोनकडे वळा.

पहिले काम : वही आणि पेन्सिल

जनावर आजारी पडले की डॉक्टर आधी विचारतात, चारा कधी सोडला, शेण कसे आहे, काल काय खाल्ले? फोनचेही तसेच आहे. चार दिवस एका वहीत नोंद ठेवा. फोन बंद पडला किंवा तापला की पाच गोष्टी लिहा : वेळ, फोन कुठे होता, त्यावर काय चालले होते, बॅटरी किती टक्के होती, आणि पुन्हा चालू झाल्यावर किती टक्के दाखवली. ही शेवटची गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, पण सर्वांत जास्त बोलते तीच.

त्याच वेळी दोन साध्या शंका दूर करा. फोनचे कव्हर काढून ठेवा. पुष्कळदा कव्हर घट्ट असते, किंवा घाम, माती आणि तेल जाऊन चालू-बंद करण्याचे बटण आत रुतून बसते. बटण दाबलेलेच राहिले की फोन आपोआप बंद-चालू होत राहतो आणि माणूस बॅटरीला दोष देतो. बटण बोटाने दाबून पाहा. ते टकटक असे मोकळे खाली-वर झाले पाहिजे.

दुसरी शंका उन्हाची. फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सांगतात, की फोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 40 च्या पुढे जातो. ऑक्टोबरच्या उन्हात मोटारसायकलच्या हँडलवर किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ ठेवलेला काळा फोन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. अशा वेळी तो स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो, कॅमेरा बंद करतो आणि शेवटी स्वतःही बंद होतो. हा बिघाड नव्हे. उन्हात तापणारा आणि सावलीत ठीक चालणारा फोन दुरुस्तीला नेण्याची गरज नाही, त्याची जागा बदलायची गरज आहे. तापलेला फोन सावलीत, कव्हर काढून, वाऱ्यावर ठेवा. फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका. एकदम थंड केल्याने आत दव धरते आणि नवाच रोग लागतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, जाफराबादजवळच्या एका गावात एका घरी तीन वर्षांचा, 64 जीबी साठवणीचा फोन आहे. घरातल्या सूनबाईंनी वहीत नोंद ठेवली, ती अशी :

सोमवार, सकाळी 11. शेतात फोटो काढताना बंद पडला. बॅटरी 38 टक्के होती. चालू केल्यावर 21 टक्के.

मंगळवार, दुपारी 1. मोटारसायकलवर, उन्हात. तापला. थंड होऊ द्या अशी सूचना आली. बंद पडला नाही.

बुधवार, पहाटे 5. उशाशी ठेवलेला, रात्रभर कोणी हात लावला नाही. तरी गरम. रात्री 90 टक्के होती, पहाटे 52.

गुरुवार, संध्याकाळी 6. ओट्यावर बसून व्हिडिओवर बोलताना बंद पडला. 29 टक्के होती, चालू केल्यावर 14.

आता ही नोंद वाचू या. मंगळवारचा प्रकार उन्हाचा आहे, तो बाजूला काढा. बुधवारची पहाट मात्र वेगळी आहे. फोन स्वस्थ पडलेला असताना गरम होतो याचा अर्थ आत कोणीतरी काम करीत आहे. इथे एखाद्या अॅपवर संशय जातो. सोमवार आणि गुरुवार यांचे तिसरेच लक्षण आहे : जड काम चालू असताना बंद पडणे, आणि उठल्यावर टक्के एकदम खाली दिसणे. इथे संशय बॅटरीवर. म्हणजे एकाच फोनला दोन दुखणी असू शकतात, आणि एकच इलाज केला तर अर्धे दुखणे शिल्लक राहते. म्हणून एकेक शंका क्रमाने दूर करायची. एका वेळी एकच बदल करायचा.

पहिली शंका : अॅप

अॅपपासून सुरुवात करावी, कारण या तपासणीला पैसा लागत नाही आणि काही पुसावेही लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी एक सोय असते. तिला Safe mode म्हणतात. या अवस्थेत फोनबरोबर कंपनीने दिलेलीच अॅप चालतात, आपण नंतर घेतलेली सगळी झोपवली जातात. बऱ्याच फोनमध्ये बटण दाबून धरले की पडद्यावर Power off अशी खूण येते. त्या खुणेवर बोट काही क्षण दाबून ठेवले की Safe mode विषयी विचारणा होते. तिला होकार द्या. काही फोनमध्ये ही विचारणा येत नाही. तिथे फोन बंद करून पुन्हा चालू करताना कंपनीचे नाव दिसले की आवाज कमी करायचे बटण दाबून धरावे लागते. पडद्याच्या कोपऱ्यात Safe mode ही अक्षरे दिसली की झाले. बाहेर यायचे असेल तर फोन नेहमीसारखा बंद करून चालू करायचा.

या अवस्थेत फोन एक रात्र आणि शक्य तर एक दिवस ठेवा. फोन येतील-जातील, कॅमेरा चालेल, पण व्हॉट्सअॅप आणि घेतलेली इतर अॅप तेवढा वेळ चालणार नाहीत, याची घरात कल्पना द्या. आपल्या उदाहरणातला फोन या अवस्थेत पहाटे थंडगार राहिला आणि रात्रीतून चार-पाच टक्केच उतरला, असे धरू. मग पहाटेच्या गरमीला नंतर घेतलेले एखादे अॅप कारण आहे, हे ठरले.

कोणते अॅप, हे Settings मध्ये Battery या भागातल्या Battery usage या यादीत दिसते. ज्या अॅपला आपण दिवसभरात हातही लावला नाही आणि जे यादीत वर बसले आहे, ते पहिले संशयित. फोन साफ करून वेगवान करतो असे सांगणारी अॅप, अनोळखी खेळ आणि जाहिरातींचे विजेरी-अॅप यांत पुष्कळदा सापडतात. एक अॅप काढा, फोन नेहमीसारखा चालू करा, एक रात्र पाहा. फरक पडला नाही तर दुसरे. पाच अॅप एकदम काढली तर चोर कोणता ते कळत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. पीएम किसानचे पैसे, वाहनाचा दंड किंवा बँकेची केवायसी यांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी apk ही अक्षरे असतात. ती दाबली की फोनमध्ये एक अॅप शिरते. ते संदेश वाचते, बँकेचा ओटीपी बाहेर पाठवते आणि रात्रंदिवस चालू राहते. फोन उगाच गरम होणे हे त्याचे एक लक्षण असू शकते. असे काही घेतल्याचे आठवत असेल तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि मगच ते अॅप काढा. सहज निघत नसेल तर Safe mode मध्ये जाऊन काढा. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

दुसरी शंका : भरलेली साठवण

आपल्या उदाहरणात अॅप काढल्यावर पहाटेची गरमी थांबली. पण फोटो काढताना बंद पडणे थांबले नाही. आता साठवण पाहू. Settings मध्ये Storage उघडले तर 64 पैकी 61 जीबी भरलेली निघाली.

कणगी गच्च भरली की नवे धान्य घालायला तर जागा उरत नाहीच, पण आत हात घालून कीड लागली का हे पाहायलाही जागा राहत नाही. फोनला रोजचे काम करताना तात्पुरत्या नोंदी लिहाव्या लागतात. त्यासाठी मोकळी जागा लागते. ती नसली की फोन अडखळतो, अॅप मिटतात, फोटो जपला जात नाही, क्वचित फोन आपोआप नव्याने चालू होतो. भरलेल्या साठवणीची खूण अशी, की फोन आधी हळू होतो, अडकतो, जागा नाही अशी सूचना देतो, मग पडतो. काही सूचना न देता झटकन काळा होणारा आणि टक्के गमावणारा फोन बहुधा साठवणीमुळे पडत नसतो. तरी शंका दूर करायचीच. साधारण दहावा ते सातवा हिस्सा मोकळा असावा. 64 जीबीच्या फोनमध्ये सात-आठ जीबी पुरेत.

जागा कशाने अडते? आपल्याकडे बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपच्या गटांतून आलेल्या सुप्रभाताच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सअॅपच्या Settings मध्ये Storage and data आणि त्यात Manage storage असा भाग आहे. तिथे मोठ्या फायली वेगळ्या दिसतात. त्या निवडून काढा. गॅलरीतून काढलेले फोटो आधी कचरापेटीत जातात आणि साधारण महिनाभर तिथेच राहून जागा अडवतात. कचरापेटी रिकामी केली तरच जागा मोकळी होते.

पुसताना तीन काळज्या घ्या. सातबारा, बँकेची पावती, विम्याची पावती आणि पिकाच्या नुकसानीचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. गूगल फोटोजमध्ये फोटो जपलेले असतील तर तिथून फोटो पुसला की जपलेली प्रतही जाते. फोनवरची जागा तेवढी मोकळी करायची असेल तर Free up space हा पर्याय वापरा. तिसरी काळजी, एखाद्या अॅपच्या माहितीत Clear cache आणि Clear data किंवा Clear storage असे दोन पर्याय दिसतात. पहिला फक्त तात्पुरता कचरा काढतो. दुसरा अॅपमधले सगळे पुसतो. पाहणीच्या अॅपमधली एखादी नोंद पाठवायची राहिली असेल तर ती त्यात जाईल. तेव्हा दुसऱ्याला हात लावू नका.

तिसरी शंका : बॅटरी

आपल्या उदाहरणात दहा जीबी मोकळी झाली, फोन चपळ झाला, पण शेतात 36 टक्क्यांवर फोटो काढताना पुन्हा काळा पडला. आता उरली बॅटरी.

38 टक्के बॅटरी असताना फोन बंद का पडावा? जुन्या विहिरीचे उदाहरण घ्या. सकाळी पाहिले तर पाणी भरपूर दिसते. पण झरे आटलेले असतात. मोटार लावली की पाणी झपाट्याने खाली जाते आणि मोटार हवा ओढून थांबते. तासाभराने पुन्हा पाणी दिसते. जुन्या बॅटरीत असेच होते. तिच्यात वीज शिल्लक असते, पण एकदम जास्त मागितली तर ती देऊ शकत नाही. कॅमेरा, जागा शोधणारे यंत्र, इंटरनेट आणि भर उन्हासाठी वाढवलेला पडद्याचा उजेड, असे चारही एकदम चालू झाले की बॅटरीचा दाब खाली येतो आणि फोन बंद होतो. पाहणीचे अॅप नेमके हेच चारही काम एकाच वेळी करायला लावते. म्हणून दोष अॅपचा वाटतो, आणि असतो बॅटरीचा.

हा रोग महागड्या फोनलाही चुकलेला नाही. ॲपल कंपनीने 2016 च्या अखेरीस आयफोन 6एस च्या काही फोनांच्या बॅटऱ्या याच कारणासाठी फुकट बदलून दिल्या होत्या. जुन्या बॅटरीने फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण काही फोनांचा वेग कमी करतो, अशी कबुलीही तिने डिसेंबर 2017 मध्ये दिली.

घरी परीक्षा अशी करा. फोन Safe mode मध्ये ठेवा, म्हणजे अॅपची शंका मधे येणार नाही. बॅटरी 40 टक्क्यांच्या खाली येऊ द्या. मग सावलीत बसून, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून दहा मिनिटे व्हिडिओचे चित्रण करा. फोन पडला तर नोंद करा. आता तेवढ्याच टक्क्यांवर, त्याच जागी, फोन चांगल्या चार्जरला लावून तेच काम पुन्हा करा. चार्जरवर फोन टिकला आणि चार्जरशिवाय पडला, तर बॅटरी थकली असे समजा. दोन्ही वेळा पडला, Safe mode मध्येही पडला आणि जागाही मोकळी आहे, तर दोष या तिघांत नाही. तो आतल्या प्रणालीत, मुख्य पाटीत किंवा पावसाचे पाणी शिरल्याने असू शकतो. तिथे घरची तपासणी संपते आणि दुरुस्ती करणाऱ्याचे काम सुरू होते.

परीक्षेत बॅटरीच दोषी ठरली आणि लगेच बदलता येत नसेल, तर तात्पुरता उपाय पॉवर बँकेचा. शेतात नोंद करताना फोन तिला जोडून, डोक्यावरच्या छत्रीच्या सावलीत फोटो काढा. पण फोनची पाठ फुगली असेल तर हा उपाय करू नका.

फुगलेली बॅटरी : इथे थांबा

वरील कोणतीही परीक्षा करण्याआधी फोन सपाट फरशीवर ठेवून पाहा. तो डगमगला, पाठ फुगीर दिसली, पडदा कडेने उचलला गेला किंवा गोडसर उग्र वास आला, तर एकही परीक्षा करू नका. बॅटरी फुगलेली आहे. ती चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचून हवा काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. आत लगेच पेट घेणारा द्रव असतो. फोन बंद करा, घरात, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ न ठेवता बाहेर दगडावर किंवा मोकळ्या मातीवर ठेवा, मुलांना दूर ठेवा. 2016 मध्ये सॅमसंगला आपला गॅलेक्सी नोट 7 हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला. जानेवारी 2017 मध्ये कंपनीने तपासाचा निकाल सांगितला तेव्हा बॅटरीच्या बनावटीतला दोष आग लागण्याचे कारण निघाले.

बॅटरी बदलताना

फोनची हमी संपली नसेल तर आधी कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा. बाहेर फोन उघडला की हमी बहुधा जाते. हमी संपली असेल तरी बॅटरी बदलणे नव्या फोनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला कामानिमित्त जाणे होतच असते, तेव्हा भाव दोन ठिकाणी विचारा. फोन देण्याआधी सिम आणि कार्ड काढून घ्या, आणि बँकेच्या अॅपचा पिन कोणालाही सांगू नका.

हलक्या प्रतीची बॅटरी बसवली तर सहा महिन्यांत तेच दुखणे परत येते. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच दहा मिनिटांचे व्हिडिओचित्रण करून पाहा आणि पावतीवर बॅटरीच्या हमीची मुदत लिहून घ्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत न टाकता दुकानदाराकडेच ठेवा. पाठ एकदा उघडली की पावसापासूनचे संरक्षण कमी होते, तेव्हा पुढे शेतात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या.

नवी बॅटरी टिकवायची असेल तर दोनच सवयी पुरेत. फोन उशीखाली किंवा गोधडीत चार्ज करू नका, कारण तिथे उष्णता बाहेर पडत नाही. आणि मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नका. बॅटरीला वापरापेक्षा उष्णता लवकर म्हातारी करते.

आपल्या उदाहरणातल्या घरात एक अॅप निघाले, दहा जीबी कचरा निघाला आणि एक बॅटरी बदलली. नवा फोन घ्यावा लागला नाही. वहीचे ते पान मात्र जपून ठेवा. पुढच्या वेळी फोन रुसला तर दुरुस्ती करणाऱ्याच्या पुढ्यात ते ठेवा. त्यालाही दोष शोधायला सोपे जाईल, आणि गरज नसलेला भाग बदलायला सांगणेही अवघड जाईल.